गाणं लागलं की गोष्ट का थांबते?

आमच्या चिखल्यात, म्हणजे तुमसर तालुक्यातल्या मँगनीज खाणीच्या गावात, दिवाळीनंतर मंडईचे दिवस सुरू झाले की आजूबाजूच्या गावांत रोज कुठेतरी रात्रभर नाटक असतं. लहानपणी मी मामासोबत जायचो. मामा खाणीत कामाला होता. दुसऱ्या दिवशी पहिली पाळी असली तरी तो नाटक सोडायचा नाही. त्याचा एक ठरलेला नियम होता. हिरोनं गाणं सुरू केलं की तो उठायचा. मी म्हणायचो, मामा, थांब ना. तर तो म्हणायचा, "गाना लागला का मी चाय पिऊन येतो बा. कहानी कोठी जात नाही."

आणि खरंच जायची नाही. तो पाच-सात मिनिटांनी परत यायचा तेव्हा हिरो तिथेच उभा, हिरॉइन तिथेच, दोघांचं प्रेम जेवढं होतं तेवढंच. मामाचं काही चुकलेलं नसायचं.

पण त्याच मंडईत दिवसा खडी गंमत असायची. ढोलकी, तुणतुणं, शाहीर आणि बाईच्या वेशातला नाच्या. तिथे गाण्यातच भांडण व्हायचं. नवरा एक ओळ म्हणायचा, बायको त्याला उलटवायची, मग सासू मध्ये पडायची आणि गाणं संपेपर्यंत घरातली सत्ता एकाच्या हातातून दुसरीच्या हातात गेलेली असायची. तिथे मामा कधी उठल्याचं मला आठवत नाही. उठला असता तर भांडण कुणी जिंकलं ते कळलंच नसतं.

हे सगळं मला पुन्हा आठवायचं कारण म्हणजे पुण्यात आल्यापासून ऐकत असलेलं एक वाक्य. मी इथे सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि नाटकवाल्या मित्रांमध्ये वावरतो. वाक्य असं: 'संगीत नाटक हा आपला ऑपेरा. झाडीपट्टी, गंमत वगैरे ठीक आहे, पण ते लोकरंजन. त्याला सुधारणेची गरज आहे.' हे बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ऑपेराचा इतिहास वाचलेला नसतो. मी वाचला, आधी रागाने आणि नंतर आवडीने. त्या इतिहासात सुधारणेची मागणी नेमकी कुणाविरुद्ध आणि का झाली हे कळल्यावर हे वाक्य मला उलटंच दिसायला लागलं.

अठराव्या शतकात इटालियन ऑपेराचे दोन मोठे प्रकार होते. एक ऑपेरा सेरिआ, म्हणजे गंभीर ऑपेरा. त्यात राजे, सेनापती, रोमन सम्राट, कर्तव्य की प्रेम असा पेच, आणि शेवटी बहुतेक वेळा राजाची क्षमा. दुसरा ऑपेरा बुफा, म्हणजे विनोदी. त्यात मोलकरणी, म्हातारे कंजूष, वकील, खोटी लग्नं. आपल्याकडे फरक सांगताना लोक इथेच थांबतात: एकात राजे, दुसऱ्यात नोकर, एक उच्च, दुसरा हलका. हा फरक खरा आहे, पण तो वरवरचा आहे. खरा फरक आहे तो गाणं चालू असताना गोष्टीचं काय होतं यात.

सेरिआची रचना समजायला सोपी आहे. दोन गोष्टी आलटून पालटून येतात. एक रेसिटेटिव्ह, म्हणजे हार्प्सिकॉर्डच्या मोजक्या सुरांवर जवळजवळ बोलल्यासारखं गायलेलं संभाषण. कट, बातमी, धमकी, कबुली, जे काही घडायचं ते इथे घडतं. मग पात्राच्या मनात एक भावना तयार झाली की येतो आरिया, म्हणजे एकट्याचं गाणं. आरिया संपला की पात्र टाळ्या घेऊन आत निघून जातं. पुन्हा रेसिटेटिव्ह, दुसऱ्याचा आरिया, तोही आत. असे तीन अंक.

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर रेसिटेटिव्हमध्ये स्टेट बदलते आणि आरियामध्ये ती फक्त वाचली जाते. आरियाच्या आधी नायक रागात असतो, आरियानंतरही तेवढ्याच रागात असतो. म्हणजे मामा चहाला जाऊ शकतो. इटलीत लोक जायचेही. दुय्यम पात्रांच्या आरियाला चेष्टेने 'सरबताचा आरिया' म्हणायचे, कारण तेवढ्या वेळात प्रेक्षक थंड खायला-प्यायला निघायचे.

आता त्या आरियाच्या आत डोकावू, कारण सगळी भानगड तिथे आहे. त्याला दा कापो म्हणतात, म्हणजे 'पुन्हा पहिल्यापासून'. कवी दोन छोटी कडवी लिहून देतो. संगीतकार आधी वाद्यांचा तुकडा ठेवतो. मग गायक पहिलं कडवं गातो. पुन्हा वाद्यं. मग तेच पहिलं कडवं पुन्हा, जास्त ताना घेऊन. पुन्हा वाद्यं. आता दुसरं कडवं, बहुधा छोटं, जरा वेगळ्या स्वरात, एकदाच. आणि मग 'पुन्हा पहिल्यापासून': वाद्यं, पहिलं कडवं, वाद्यं, पहिलं कडवं, आणि या फेरीत गायकाने स्वतःच्या हरकती, मुरक्या, शेवटी एक लांब तान घालायची. हिशेब करा. पहिलं कडवं चार वेळा, दुसरं एकदा.

गंमत अशी की नाट्याच्या दृष्टीने महत्त्वाची ओळ अनेकदा दुसऱ्या कडव्यात असायची. पहिल्यात पात्र म्हणतं, मी वादळातल्या नावेसारखा आहे. दुसऱ्यात म्हणतं, पण मी तिला सोडणार नाही. तो निश्चय एकदा घाईत उरकायचा आणि परत नावेकडे जायचं. म्हणजे पात्राने जो निर्णय घेतला तो संगीताच्या रचनेनेच पुसून टाकला.

हे कुणा मूर्खाने बनवलं नव्हतं. या पद्धतीचा सगळ्यात मोठा कवी मेटास्टाझिओ 1730 मध्ये व्हिएन्नाच्या दरबारात आला आणि त्याच्या संहिता इतक्या रेखीव होत्या की एकेक संहिता वेगवेगळ्या संगीतकारांनी पुन्हा पुन्हा स्वरबद्ध केली. प्रेक्षकांना गोष्ट पाठ असायची. ते यायचे ते या वर्षीचा गायक तीच भावना कशी खुलवतो हे ऐकायला. आपल्याकडे माहीत असलेली बंदिश पुन्हा ऐकायला बसतो तसं. ते ऐकणं खोटं नव्हतं. फारिनेल्लीसारख्या गायकासमोर बसणं ही आयुष्यभर सांगण्यासारखी गोष्ट असणार.

पण हळूहळू यंत्र गायकाच्या ताब्यात गेलं. कुणाला किती आरिया हे गोष्टीवरून नाही, कंपनीतल्या मानावरून ठरायचं. पहिल्या नायकाला सगळ्यात जास्त, दुसऱ्याला त्याहून कमी, तिसऱ्याला सरबताच्या वेळचा. सलग दोन आरिया एकाच जातीचे नकोत. कुणी आपला हुकमी आरिया सोबत घेऊन फिरायचा आणि कुठल्याही ऑपेरात घुसवायचा. त्याला नावच 'बॅगेतला आरिया' असं पडलं होतं. 1720 मध्येच व्हेनिसच्या मार्चेल्लोने या प्रकारावर एक उपहासाचं पुस्तक लिहिलं. त्यात नव्या कवीला, संगीतकाराला, गायिकेच्या आईलासुद्धा तोंड वाकडं न करता उलटे सल्ले दिले आहेत. 1755 मध्ये अल्गारोत्तीने गंभीर निबंध लिहून म्हटलं की ऑपेराचा कणा नाटक आहे, संगीत त्याच्यासाठी आहे. मग कवी काल्झाबिजी आणि संगीतकार ग्लुक यांनी 1762 मध्ये व्हिएन्नात 'ऑर्फेओ' केला आणि 1767 मध्ये 'आल्चेस्ते'. आल्चेस्तेची स्वरलिपी 1769 मध्ये छापली तेव्हा तिला ग्लुकच्या नावाने प्रस्तावना जोडली. सुधारणेचा जाहीरनामा म्हणतात तो हाच.

तो वाचताना मला सगळ्यात जास्त आवडलं ते म्हणजे त्यातल्या तक्रारी हवेतल्या नाहीत. तो म्हणतो, संवाद ऐन रंगात आलेला असताना नटाला वाद्यांचा कंटाळवाणा तुकडा संपायची वाट बघत उभं करणार नाही. शब्दाच्या मध्येच सोयीचा स्वर सापडला म्हणून तिथे त्याला तान मारायला थांबवणार नाही. दुसरं कडवं सगळ्यात उत्कट असूनही उरकून, पहिल्या कडव्याचे शब्द चार वेळा म्हणवणार नाही. चार वेळा! वर आपण मोजले तेच चार. बग रिपोर्ट असा लिहावा: कुठे अडकतं, किती वेळा, आणि तिथे काय व्हायला हवं होतं.

आणि दुरुस्ती काय केली? गाणी काढून टाकली नाहीत. 'ऑर्फेओ'त मुख्य पात्रं तीनच ठेवली, म्हणजे मानाप्रमाणे गाणी वाटायचा प्रश्नच उरला नाही. संभाषणाखाली हार्प्सिकॉर्डऐवजी वाद्यवृंद आणला, म्हणजे बोलणं आणि गाणं यांच्यातली भिंत पातळ झाली. समूहगानाला काम दिलं. ऑर्फेओ पाताळाच्या दाराशी येतो तेव्हा तिथले भयंकर जीव त्याला नाही म्हणतात, तो गातो, ते पुन्हा नाही म्हणतात, तो पुन्हा गातो, आणि त्यांचा नकार हळूहळू नरम होत दार उघडतं. गाणं सुरू होताना दार बंद होतं, संपताना उघडं आहे. चहाला गेलात तर दार कसं उघडलं ते कळणार नाही.

ऑर्फेओची भूमिका पहिल्यांदा करणारा ग्वादान्यी नावाचा गायक होता. 1770 च्या सुमारास तो लंडनमध्ये गायला तेव्हा लोक त्याच्यावर चिडले, असं तेव्हाचा संगीत-इतिहासकार बर्नी लिहितो. कारण? टाळ्या पडल्या तर तो भूमिका सोडून वाकून नमस्कार करत नसे आणि वन्स मोअर आला तरी गाणं पुन्हा म्हणत नसे.

वन्स मोअर म्हटलं की आपल्याला घरी यावं लागतं.

1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' केलं, 1882 मध्ये 'सौभद्र'. शाकुंतलात दोनशेच्या आसपास पदं होती. आजच्या माणसाला वाटतं, बापरे, गोष्ट थांबतच असणार. पण उलट आहे. ती पदं बहुतेक छोटी. साकी, दिंडी, कीर्तनातल्या आणि लोकांच्या ओठांवरच्या चाली. पात्रं त्या पदांतून बोलतात, विचारतात, उत्तर देतात. आणि सौभद्र घ्या. सुभद्रेचं लग्न बलरामाने दुर्योधनाशी ठरवलंय, कृष्णाला ते अर्जुनाशी व्हायला हवंय, अर्जुन खोटा संन्यासी होऊन घरात शिरतो, आणि ज्याला फसवायचं तो बलरामच त्या संन्याशाची सेवा करायला बहिणीला सांगतो. वेषांतर, फसवणूक, घरातला कर्ता माणूस शेवटपर्यंत अंधारात. पात्रं पुराणातली म्हणून आपण त्याला गंभीर मानतो, पण कारागिरी सरळ बुफाची आहे.

मग 1911 चं 'मानापमान' आणि 1916 चं 'स्वयंवर' आलं. चाली ख्याल-ठुमरीच्या, देणारे गोविंदराव टेंबे आणि भास्करबुवा बखले. पदं संख्येने कमी झाली आणि लांबीने वाढली. बालगंधर्वांचा एकेक स्वर ऐकायला माणसं येऊ लागली, वन्स मोअरवर वन्स मोअर पडू लागले, प्रयोग पहाटेपर्यंत चालू लागले. त्या गाण्याचं मोठेपण मी नाकारत नाही. माझ्या फोनमध्ये ती गाणी आहेत. पण रुक्मिणी गात असताना कृष्णाने काय करायचं? उभं राहायचं. एखादं पद तिसऱ्यांदा म्हटलं की पात्र गेलं आणि गायक उरला. हे सेरिआच आहे. दा कापोची जागा आलापाने आणि वन्स मोअरने घेतली, एवढाच फरक. (दुसराही एक आहे: आपल्याकडे मधलं संभाषण गद्यात होतं, त्यामुळे भिंत आणखी जाड.) तेव्हा 'संगीत नाटक हा आपला ऑपेरा' हे वाक्य मला मान्य आहे. फक्त कुठला ऑपेरा आणि कुठल्या वर्षानंतरचा, तेवढं सांगा.

सुधारणा आपल्याकडेही झाली. 1933 मध्ये 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' केलं. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, घर घरासारखं दिसलं, गाणी थोडीच ठेवली. धाडस मोठं होतं. पण रोगाचं निदान अर्धवट झालं असं माझं मत आहे. गाण्याने गोष्ट थांबते, म्हणून गाणी कमी करा, असं आपण ठरवलं. ग्लुक म्हणाला होता की गाण्याने गोष्ट थांबते, म्हणून गाणं बदला. पहिल्या रस्त्याने गेल्यावर पुढे मराठी नाटकाचे दोन तुकडे झाले. एकीकडे बिनगाण्याचं 'खरं' नाटक, दुसरीकडे गाणी ऐकायला जायचं संगीत नाटक. मधला रस्ता बराच काळ मोकळा पडला.

तो रस्ता कसा दिसतो हे बघायला ग्लुकपेक्षा बुफाकडे जावं लागतं. 1733 मध्ये नेपल्सला पेर्गोलेझीच्या एका गंभीर ऑपेराच्या दोन अंकांमध्ये, लोकांचा वेळ जावा म्हणून, एक छोटा विनोदी खेळ बसवला होता: 'ला सेर्वा पाद्रोना', मोलकरीण झाली मालकीण. गाणारी पात्रं दोन, तिसरं मुकं. त्या गंभीर ऑपेराचं नाव आज अभ्यासकांनाच माहीत असतं. मोलकरणीने 1752 मध्ये पॅरिसला जाऊन अख्ख्या शहरात भांडण लावलं आणि रूसोसारखा माणूस इटालियन बाजूने लेखणी घेऊन उतरला. त्यात मालक आणि मोलकरणीचं एक द्वंद्वगीत आहे. ती म्हणते, तुमचे डोळे हो म्हणतात. तो म्हणतो, नाही म्हणतात. दोघं एकाच वेळी गातात आणि आपल्याला दिसतं की तो हरतोय. रेसिटेटिव्हमध्ये घडणारी गोष्ट गाण्यात शिरली.

पन्नास वर्षांत हे कुठवर गेलं ते मोत्सार्टच्या 1786 च्या 'फिगारो'च्या दुसऱ्या अंकाच्या शेवटात बघा. सुमारे वीस मिनिटं, न थांबता संगीत. सुरुवातीला स्टेजवर दोघंच, सरदार आणि त्याची बायको. आतल्या खोलीत एक पोरगा लपलाय अशी त्याची खात्री आहे आणि बायकोचीही. प्रत्यक्षात पोरगा खिडकीतून उडी मारून पळालाय आणि त्याच्या जागी मोलकरीण सुझाना लपली आहे, हे फक्त आपल्याला माहीत आहे. दार उघडतं, सुझाना शांतपणे बाहेर येते, आणि संगीत एकदम सभ्य, हळू चालीचं होतं. नवरा-बायको दोघंही गार. आता सरदाराने माफी मागायची. मग फिगारो येतो, लग्नाची घाई करत. सरदार त्याला एका निनावी चिठ्ठीवरून घेरतो. तेवढ्यात माळी येतो, फुटक्या कुंड्या घेऊन: कुणीतरी खिडकीतून माझ्या फुलांवर उडी मारली! फिगारो म्हणतो, मीच तो. माळी म्हणतो, मग हा कागद तुमचाच पडला असेल. सरदार कागद हिसकावतो: सांग, यात काय आहे? बायको ओळखते, सुझानाच्या कानात सांगते, सुझाना फिगारोच्या. सुटला. आणि तेव्हाच तीन विरोधक फिगारोविरुद्ध दावा घेऊन आत शिरतात. शेवटी सात जणं एकदम गातायत, दोन तट पडलेत, आणि पडदा.

प्रत्येक माणूस आला की चाल बदलते, स्वर बदलतो, कोण वर कोण खाली ते बदलतं. सेरिआत पात्र गाऊन बाहेर जायचं, इथे गात आत येतं आणि गर्दी वाढत जाते. कुणीही भावना 'व्यक्त' करायला थांबत नाही, तरी सगळ्यांच्या भावना कळतात.

वन्स मोअर मात्र इथेही सुटला नाही. तिसऱ्या प्रयोगाला फिगारोतले सात तुकडे पुन्हा म्हणवले गेले आणि आठवड्याभरात सम्राट योझेफने हुकूम काढला की एकापेक्षा जास्त गायकांचा तुकडा पुन्हा गायचा नाही. एकट्याचं गाणं परत म्हटलं तर चालेल. हे वाचून मी बराच वेळ हसलो, कारण नकळत सम्राटाने फरक बरोबर ओळखला होता. एकट्याचं गाणं मागे नेलं तरी काही मोडत नाही.

आमच्या झाडीपट्टीला मी देव्हाऱ्यात बसवत नाहीये. दोन वर्षांपूर्वीच्या मंडईत पाहिलेल्या एका नाटकात नायिकेचा नवरा मेला, ती रडली, दिवे बदलले आणि ऑक्टोपॅडच्या दणक्यावर एक नर्तकी आली. प्रेतामागून. कथेशी शून्य संबंध, शिट्ट्या भरपूर. हा शुद्ध 'बॅगेतला आरिया' आहे, आणि त्यावर झोड उठवायची तर मी पुढे असेन. पण तिथेही इलाज नर्तकीला हाकलण्याचा नाही. तिकिटं तिच्यावर खपतात हे कंपनीला माहीत आहे, जसं व्हेनिसच्या थिएटरवाल्यांना गायकाबद्दल माहीत होतं. इलाज त्या लेखकाकडे आहे ज्याने तिला पात्र केलं नाही. तिला त्या मयताच्या घरात काहीतरी हवं असू द्या, मग बघा कोण चहाला उठतं.

आणि असं लिहिता येतं. 1972 च्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये गात-डुलत उभी राहणारी ब्राह्मणांची रांग कधी भिंत असते, कधी पडदा, कधी जमाव, आणि तिच्या गाण्यातच घाशीराम चढतो आणि पडतो. लोक त्याचं श्रेय दशावतार, कीर्तन, लावणीला देतात, बरोबरच आहे. म्हणजे पुण्यातल्या आधुनिक नाटकाने मधला रस्ता शोधला तो ज्यांना सुधारायची गरज आहे असं सांगितलं जातं त्यांच्याकडे जाऊन.

गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा मामाला फोनवर फिगारोचा तो तुकडा लावून दिला. तो आता रिटायर आहे. इटालियन त्याला कळायचा प्रश्न नव्हता, मी बाजूला बसून कोण कोणाला काय म्हणतंय एवढं सांगत होतो. मामीने मध्येच चहा आणून ठेवला. माळी कुंड्या घेऊन आला तेव्हा त्याने स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, "हा कुंड्यावाला खरा बोलून रायला का खोटा?"

मी म्हटलं, खरा. पण कुणी मानणार नाही त्याचं.

"मंग पुढं?" म्हणाला, आणि चहाकडे न बघता फोन जवळ घेतला.